तिखट आणि अल्सर

>> तिखट खाल्लं की पोटात आग पडते, म्हणजे आत जखमा होत असणारच ना?

नाही हो, जखम वगैरे काही नसते. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, नसांच्या ज्या टोकांना चिकटतं ती असतात ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखायला, म्हणून मेंदूला निरोप जातो भाजल्याचा, पण भाजत काहीच नाही. उलट ती टोकं चेतवली की जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो. अल्सर म्हणजे आतली खरी जखम बहुतेक वेळा होते ती एच. पायलोरी जंतूमुळे नाहीतर पेनकिलरमुळे. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये त्या जंतूंचं कल्चर चक्क पिऊन बघितलं, तर काही दिवसांत जठराला सूज! मी मात्र गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन ही पेनकिलरच गिळत होतो आणि सोडली होती मिरची :) आधीच अल्सर असेल तर तिखटाने दुखू शकतं, पण शी डांबरासारखी काळी झाली तर थेट डॉक्टर गाठा.