इमर्जन्सी स्टॉप कोडमध्ये नको, वायरिंगमध्ये हवा

"माझ्या रोबोचं स्टॉपचं बटण कंट्रोलरच्या पिनला जोडलंय, दाबलं की कोड वेग शून्य करतो. एवढं पुरेल का? आणि वेग किती ठेवू?"

नाही पुरणार. कोड अडकला तर बटण दाबूनही चाकं फिरतच राहतील. बटणाचा नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे बटण न दाबता जोडलेला असणारा, कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये घ्या; कॉइलची वीज गेली की हा मोठा स्विच मोटरचा पुरवठा तोडतो, म्हणजे वायर तुटली तरी रोबो थांबेल. चाकं अधांतरी फिरवत ठेवून ती वायर उपसून बघाच. बटण सोडल्यावर रोबो आपोआप सुरू होता कामा नये; रीसेट वेगळं हवं. पुरवठा गेल्यावर रोबो घरंगळत असेल तर स्प्रिंगने लागणारा ब्रेक लावा.

वेग थांबण्याच्या अंतरावरून ठरवा. समजा, सेन्सरला माणूस दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत ०.३ सेकंद जातात आणि पुढे दर सेकंदाला वेग ०.५ मी/से ने घटतो. मग १ मी/से वेगाला ब्रेक लागेपर्यंत ०.३ अधिक ब्रेक लागल्यावर १, म्हणजे १.३ मीटर लागतात. वेग निम्मा केला की फक्त ०.४ मीटर! पूर्ण वजन लादून हे अंतर टेपने मोजा. सेन्सरला माणूस त्याहून बराच आधी दिसायला हवा.