नवरा कायम उशिरा, कायम विसरतो: सवय म्हणायची की किंमत नाही म्हणायचं?

सांजवात, ठाणे
नवरा मनाने चांगला आहे, पण वेळ पाळणं आणि लक्षात ठेवणं या दोन गोष्टी त्याला जमतच नाहीत. परवा आईची मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती, नौपाड्यात साडेचारला. "निघालोच, वीस मिनिटांत खाली ये" म्हणाला आणि पाच वाजून गेल्यावर आला. तोवर आई काळा चष्मा लावून वॉचमनच्या खुर्चीवर बसून होती. आम्ही पोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. डोळ्यात घालायचे थेंब संपलेत हे सकाळी सांगितलं होतं, तेही आणले नाहीत. ऑफिसात मात्र त्याला कधी लेट मार्क नाही. माझा राग जातच नाहीये. हा स्वभाव समजून सोडून द्यायचं का?

रोखठोक
उत्तर तुमच्याच शेवटून तिसऱ्या वाक्यात आहे. साहेबासाठी वेळ पाळता येते, म्हणजे येते. बायकोसाठी येत नाही, कारण बायको पगार कापत नाही. स्वभाव असता तर सगळीकडे दिसला असता.

कोकणवाट
आमच्याकडे उलट आहे, बायको उशीर करते. सावंतवाडीला जायचं तर तुतारी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. मी तिला सव्वाअकराची गाडी म्हणून सांगायचो, म्हणजे आम्ही आरामात पोचायचो. हा उपाय करून बघा, भांडण होणार नाही. तिने एकदा तिकीट पाहिलं तेव्हापासून मात्र मी सांगितलेल्या प्रत्येक वेळेत ती अर्धा तास मिळवते.

निर्झर, नाशिक
मी जोडप्यांचं समुपदेशन करते. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं अशाच एखाद्या संध्याकाळपासून सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोखठोक, ऑफिसचा पुरावा दिसतो तितका पक्का नसतो. ऑफिसात रोज तीच वेळ, तोच रस्ता, हजेरीचं मशीन, मीटिंगच्या आधी मोबाइल वाजणार, शेजारचा "चल" म्हणणार. तिथे माणसाला आठवावं लागत नाही, आजूबाजूची व्यवस्था त्याच्या वतीने आठवते. आईची तपासणी एकदाच येणारी, अनोळखी वेळेची आणि मध्येच कामातून उठून करायची गोष्ट. अशा ठिकाणी विसराळू माणूस हमखास घसरतो. म्हणून तुलना ऑफिसशी करू नका. ज्या गोष्टी त्याला स्वतःला हव्या आहेत आणि ज्यांची आठवण कुणी करून देत नाही, त्या पाहा. स्वतःच्या दाताची अपॉइंटमेंट चुकते का? क्रेडिट कार्डाला लेट फी लागते का? मित्रांच्या ट्रेकलाही बस त्याच्यासाठी थांबते का? तिथेही हेच होत असेल तर ती सवय आहे. ट्रेकच्या पहाटे चार वाजता तो बूट घालून तयार आणि फक्त तुमच्या माणसांच्या वेळेलाच विसर, तर मात्र रोखठोक म्हणतात ते खरं.

आता त्या वीस मिनिटांचं पाहू. घोडबंदर रोडच्या बाजूला राहत असाल असं धरते. तो रिकाम्या रस्त्यावरची गाडी चालवण्याची वेळ सांगतो. त्यात हातातलं काम आटोपणं, चावी शोधणं, लिफ्ट, गाडी बाहेर काढणं आणि सिग्नल धरलेलेच नसतात. दहा मिनिटं निघायलाच गेली, रस्त्याला चाळीस लागली, की वीसची पन्नास होतात. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच हे मांडलं होतं: माणूस डोक्यातल्या योजनेवरून अंदाज बांधतो, मागच्या वेळी प्रत्यक्ष किती वेळ लागला होता हे धरत नाही. म्हणून "किती वेळात पोचशील?" असं विचारू नका. "गेल्या वेळी दारातून दारात किती लागले होते?" असं विचारा.

थेंबांचंही तसंच. सकाळी सांगितलेलं "संध्याकाळी आण" हे सुटं राहतं. "पार्किंगमध्ये गाडी लावली की वर येण्याआधी मेडिकलमध्ये जायचं" असं एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधलं की ते जास्त टिकतं. फक्त हे वाक्य त्याने स्वतः ठरवलेलं हवं.

आणि कोकणवाट, खोटी वेळ सांगण्याचा शेवट तुम्हीच लिहिला आहे. आता तुमची खरी वेळही ती धरत नाही.

मंजिरी
सरळ एडीएचडी आहे हे. माझ्या भावाला तिशीत निदान झालं, गोळ्या सुरू केल्या, खूप फरक पडला. राग धरू नका, डॉक्टरकडे न्या.

निर्झर, नाशिक
मंजिरी, शक्यता आहे, पण दोन परिच्छेदांवरून ते ठरत नाही. त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसायला लागतात. शाळेत डबा, वही, स्वेटर हरवायचा का, हे सासूबाईंना विचारता येईल. निदान मनोविकारतज्ज्ञच करतील. विसरणं अलीकडेच सुरू झालं असेल तर मात्र झोप, थायरॉइड, नैराश्य हे आधी तपासायला हवं.

रोखठोक
ऑफिसचा मुद्दा अर्धा मान्य. पण ताई, तुमच्या उपायात काम कुणाच्या अंगावर पडलं ते बघा. गेल्या वेळी किती मिनिटं लागली हे तिने विचारायचं, सासूला तिनेच विचारायचं, डॉक्टरही तिनेच शोधायचा. आधी फक्त वाट बघत होती, आता त्याची सेक्रेटरी झाली. सवय असेल तर असू दे. आपल्याला ही सवय आहे हे ठाऊक असूनही जो माणूस साधा गजर लावत नाही, त्याला समोरच्याची फिकीर नाही असंच मी म्हणणार.

निर्झर, नाशिक
हा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. गजर त्याच्याच मोबाइलमध्ये हवा, त्यानेच लावलेला. तो निघायच्या वेळेचाही नको, हातातलं काम थांबवायच्या वेळेचा हवा.

म्हणून मी उशीर किती झाला यापेक्षा त्यानंतर काय झालं हे विचारते. सांजवात, उशीर होतोय हे कळल्यावर त्याने स्वतःहून फोन केला का? आल्यावर आईशी काय बोलला? डॉक्टरांची पुढची वेळ कुणी घेतली? उशीर करून वर "एवढं काय झालं चिडायला" म्हणणारा माणूस आणि नवीन वेळ घेऊन, रजा टाकून आईला स्वतः नेणारा माणूस, दोघांचा उशीर सारखाच असतो. पण दुसऱ्याशी बोलता येतं. पहिल्याच्या बाबतीत तुमचा राग जागेवर आहे, तो गिळू नका.

सांजवात, ठाणे
फोन मीच केला, तीनदा. प्रत्येक वेळी "पोचतोच आहे". आल्यावर आईला "सॉरी आई" म्हणाला, मला मात्र गाडीत "ट्रॅफिक माझ्या हातात आहे का?" असं ऐकवलं. पण रात्री मी न सांगता बाहेर जाऊन थेंब घेऊन आला, आणि सकाळी क्लिनिकला फोन करून शुक्रवारची वेळ त्यानेच घेतली. त्याच्या स्वतःच्या गोष्टी म्हणाल तर पीयूसी संपून दंड भरला आहे, कॉलेजच्या मित्राच्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर पोचला होता. म्हणजे सवयच दिसते. तरी "ट्रॅफिक माझ्या हातात आहे का" हे डोक्यातून जात नाही. उशिरापेक्षा तेच जास्त लागलं.

निर्झर, नाशिक
मग बोलायचं ते त्या एका वाक्याबद्दल बोला, आणि गाडीत नको. जुने सगळे उशीर त्यात आणू नका, नाहीतर तो त्यातल्या एखाद्याची तारीख चुकीची ठरवत बसेल आणि मूळ गोष्ट राहून जाईल. "तू उशिरा आलास यापेक्षा मलाच वेड्यात काढलंस ते लागलं" एवढंच. आणि शुक्रवारी तो ठरल्या वेळेला खाली नसेल तर आईला घेऊन रिक्षाने निघा. हे त्याला आजच शांतपणे सांगून ठेवा, म्हणजे ती शिक्षा वाटणार नाही.

कोकणवाट
रिक्षाने निघून गेल्यावर तो जास्त चिडला तर?

रोखठोक
चिडू दे. आईचा डोळा महत्त्वाचा. आणि माझं मत अजून तेच आहे: थेंब रात्री आणले ते बरं झालं, पण सकाळी सांगितल्यावर आणले असते तर संध्याकाळचा डोस चुकला नसता.