उत्तर: समान चकत्यांची तिरकी टक्कर

«पहिली चकती 2 मी/से वेगाने स्थिर चकतीवर आदळून 30 अंश वर वळली आणि तिचा वेग 1.6 झाला, मग दुसरीचा वेग 0.4 का नाही?»

संवेग ही सदिश राशी असल्यामुळे वेगांच्या नुसत्या आकड्यांची वजाबाकी येथे चालत नाही. मूळ गतीची दिशा x-अक्ष धरून प्रत्येक अक्षावर वेगळा हिशेब मांडावा लागतो. वस्तुमाने समान असल्याने ती दोन्ही समीकरणांतून गळून पडतात. x-अक्षावर पहिलीकडे 1.6 × cos 30° = 1.39 उरतात, म्हणून दुसरीला 0.61 मिळतात. y-अक्षावर आधी काहीच नव्हते, पहिली 1.6 × sin 30° = 0.8 ने वर गेली, तेव्हा दुसरी 0.8 नेच खाली गेली पाहिजे. (हे ऋण चिन्ह विसरले की सगळे बिघडते.) त्यामुळे दुसरीचा वेग √(0.61² + 0.8²), म्हणजे सुमारे 1.01 मी/से, आणि दिशा x-अक्षाच्या खाली सुमारे 53 अंश येते.

आता दोन वाटांमधला कोन पाहा: तो 83 अंशांच्या आसपास आहे. एक चकती स्थिर असताना टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असती, तर तो नेमका 90 अंश आला असता. वेगांच्या वर्गांची बेरीजही 4 ऐवजी 3.58 भरते, म्हणजे सुमारे दहा टक्के गतिज ऊर्जा टकरीत गेली, संवेग मात्र दोन्ही अक्षांवर जसाच्या तसा राहिला.