स्टॉप दोन टक्क्यांवर, मग लिक्विडेशन कुठे असावं?

नवखा_नाशिककर: बिटकॉइन पर्पेच्युअलमध्ये लाँग घ्यायचंय. एंट्री 1,00,000 डॉलर, स्टॉप 98,000. खात्यात 2,000 यूएसडीटी आहेत, त्यातले 20 गेले तर चालतील. मार्जिन आयसोलेटेड. मित्र म्हणतो 40x लाव, पैसे कमी अडकतात. मला 10x बरं वाटतं. काय करू?

सावध_सदू: 10x च घे रे बाबा. लिव्हरेज चौपट म्हणजे तोटाही चौपट. साधं गणित आहे.

हिशेबी_ताई: सदूभाऊ, निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण चुकलं. तोटा पोझिशनच्या आकारावर ठरतो आणि आकार आपण स्टॉपवरून काढतो. 20 यूएसडीटी घालवायचे, स्टॉप 2 टक्क्यांवर, म्हणजे पोझिशन 1,000 यूएसडीटीची, 0.01 बिटकॉइन. स्टॉप लागला तर 10x वर 20 जाणार आणि 40x वरही 20 च. तुम्ही म्हणता तसा चौपट तोटा कधी होतो? मार्जिन 100 तसंच ठेवून कोणी लिव्हरेज 40 केलं आणि पोझिशन 4,000 ची झाली तर. बहुतेक जण नेमकं तेच करतात, ही गोष्ट वेगळी.

आता फरक कुठे पडतो ते बघा. मेंटेनन्स मार्जिन अर्धा टक्का धरू. 10x वर मार्जिन 100 लागतं आणि लिक्विडेशन साधारण 90,450 ला येतं. 40x वर मार्जिन फक्त 25, आणि लिक्विडेशन येतं 97,990 ला. तुझा स्टॉप 98,000 ला आहे, दादा. मध्ये दहा डॉलर. बिटकॉइनमध्ये एवढं अंतर एका सेकंदात पार होतं.

रात्रपाळीवाला: दहा डॉलर असले तरी स्टॉप आधीच लागणार ना? वरून खाली येताना 98,000 आधी येतं, मग 97,990.

हिशेबी_ताई: दोन्ही एकाच फुटपट्टीने मोजत असते तर हो. लिक्विडेशन मार्क प्राइसवर होतं, आणि ती बाहेरच्या अनेक स्पॉट एक्स्चेंजच्या भावांवरून काढलेली असते. स्टॉप मात्र बऱ्याच ठिकाणी, तुम्ही काही बदललं नाही तर, लास्ट प्राइसवर लागतो, म्हणजे त्याच एक्स्चेंजवर झालेल्या शेवटच्या सौद्यावर. गडबडीच्या वेळी दोघांत वीस-तीस डॉलरचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे. मार्क 97,985 ला आणि लास्ट 98,015 ला असेल तर स्टॉप नुसता बघत बसतो आणि पोझिशन जाते.

माझ्यासोबत हे झालंय. चार्टवर भाव माझ्या स्टॉपला शिवला नव्हता, म्हणून मी एक्स्चेंजच्या सपोर्टशी तासभर भांडले. त्यांनी मार्क प्राइसचा चार्ट पाठवला आणि मी गप्प बसले. तो चार्ट त्याच स्क्रीनवर एका टॅबमागे होता, मी कधी उघडलाच नव्हता.

चाळीसवाला: मित्र मीच. आता माझंही ऐका. 40x वर काय वाईट होईल ते होऊ द्या, जाणार 25. वीस ठरवले होते, पाच जास्त गेले. तुमच्या 10x वर 100 अडकलेत. आता समजा भाव 98,500 वरून थेट 94,000 ला आपटला. तुमचा स्टॉप-मार्केट 98,000 ला जागा होईल, पण घेणारा 94,000 ला भेटेल, आणि 60 जातील. माझे 25 च. लिक्विडेशन जवळ असणं हीच माझी तटबंदी आहे. 10 ऑक्टोबर 2025 च्या रात्री किती जणांचे स्टॉप भलत्याच भावाला भरले ते आठवा.

हिशेबी_ताई: हा मुद्दा खरा आहे, मी नाकारत नाही. आयसोलेटेडमध्ये मार्जिन हीच तोट्याची शेवटची भिंत असते. पण तुम्ही ती भिंत दाराला खेटून बांधलीत. असा कडेलोट वर्षातून एखाददुसऱ्या वेळी होतो, त्या दिवशी तुमचे 35 वाचतील. बाकी दिवशी मार्क जरा हलली की 20 च्या जागी 25 जाणार, म्हणजे ठरवलेल्या तोट्याच्या सव्वापट. उरलेले पाच लिक्विडेशनच्या फीत आणि इन्शुरन्स फंडात जातात, तुमच्याकडे परत येत नाहीत.

शिवाय फंडिंग आहे. दर 8 तासांनी 0.01 टक्का धरलं तर 1,000 च्या पोझिशनवर दिवसाला 0.3 यूएसडीटी. जिथे ते पोझिशनच्या मार्जिनमधूनच कापतात, तिथे दहा दिवसांत 3 गेले. मार्जिन 25 चं 22 झालं आणि लिक्विडेशन तीनशे डॉलर वर सरकून 98,290 ला आलं, म्हणजे तुमच्या स्टॉपच्याही वर. तुम्ही काहीही न करता स्टॉप कुचकामी झाला. 10x वरही ते तेवढंच सरकतं, पण 90,450 चं 90,750 झालं तर कोणाला पत्ताही लागत नाही.

चाळीसवाला: दहा दिवस पोझिशन ठेवतोय कोण? माझा सौदा दोन तासांचा.

हिशेबी_ताई: मग फंडिंगचा मुद्दा तुम्हाला लागू नाही. मार्क प्राइसचा आहे.

एमसीएक्स_मामा: तुमच्या त्या पर्पेच्युअलमधलं मला कळत नाही, पण स्टॉपच्या भरवशावर मी क्रूडमध्ये हात पोळलेत. 20 एप्रिल 2020. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचं, आणि अमेरिकेतला भाव रात्री शून्याखाली गेला. एप्रिलचा सौदा आमच्याकडे उणे 2,884 रुपयांना मिटवला. स्टॉप लावला असता तरी लागायला बाजार उघडा कुठे होता? मार्जिन गेलं ते गेलंच, वर खिशातून भरावे लागले. तुम्हाला निदान मार्जिनवर थांबता येतं, हे ऐकून हेवा वाटतो.

रात्रपाळीवाला: मग क्रॉस का नाही लावत? पूर्ण 2,000 पाठीशी राहतात, लिक्विडेशन नजरेआड जातं, भांडणच मिटलं.

हिशेबी_ताई: एकच पोझिशन असेल तर मिटलं. उद्या शेजारी इथेरियम किंवा सोलाना उघडलंत की तिकडचा तोटा इकडचं लिक्विडेशन वर ओढतो, आणि स्क्रीनवरचा आकडा दर मिनिटाला बदलतो. आणि मामांची गोष्ट वाचलीत ना? क्रॉसमध्ये स्टॉप फसला तर अख्खं खातं रांगेत उभं असतं. म्हणून मी आयसोलेटेडच धरते आणि एंट्रीपासून लिक्विडेशन स्टॉपच्या अंतराच्या किमान तिप्पट लांब ठेवते. 2 टक्क्यांचा स्टॉप म्हणजे 6 टक्के, त्याला 15x पुरतं. छोट्या नाण्यात मेंटेनन्स मार्जिन जास्त असतं, तिथे त्याहून खाली. तिप्पट ही माझी सवय आहे, शास्त्र नाही.

सावध_सदू: म्हणजे मी 10 म्हणालो ते बरोबरच होतं!

नवखा_नाशिककर: एक शंका. 10x वर 2 टक्के खाली म्हणजे स्क्रीनवर उणे 20 टक्के दिसणार ना? ते बघून मी स्टॉपच्या आधीच पळेन.

हिशेबी_ताई: ते 20 टक्के अडकलेल्या 100 चे, खात्याचा एकच टक्का. 40x वर तिथेच उणे 80 दिसलं असतं.

चाळीसवाला: स्टॉपचा ट्रिगर मार्क प्राइसवर ठेवला तर? मग फुटपट्टी एक झाली, माझे दहा डॉलर पुरतील.

हिशेबी_ताई: लास्टपेक्षा बरं. पण ट्रिगर झाल्यावर ऑर्डर बाजारात जाऊन भरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मार्क दहा डॉलर खाली गेली तर लिक्विडेशन इंजिन पोझिशन आधी उचलू शकतं. शिवाय एका एक्स्चेंजवरच्या खोट्या सुळक्यातून मार्कचा ट्रिगर वाचवतो, पण तिथलाच भाव खरोखर आधी पडला तर उशिरा जागा होतो. यावर मी स्वतः दोनदा मत बदललंय.

चाळीसवाला: 30x करतो. 97,150 च्या आसपास येतं.

नवखा_नाशिककर: मी 10 वर घेतली, 0.01. एंट्री 1,00,040 ला मिळाली, स्टॉप मार्कवर लावलाय. स्क्रीनवर लिक्विडेशन 90,488 दिसतंय.