ब्रॅकेट बंद करावा की हाउसिंग?

धागाकर्ता: आमच्या दोन व्हीएमसी मशीन मिळून महिन्याला ४०० तास चालतात आणि ब्रॅकेट व हाउसिंग या दोन सुट्या भागांची मागणी मात्र ५०० तासांची आहे. कच्चा माल, टूलिंग, वीज वगैरे बदलता खर्च वजा जाता ब्रॅकेटमागे १२० रुपये उरतात, हाउसिंगमागे ६००. लेखापालांनी स्थिर खर्च नगामागे १४० रुपये धरल्यामुळे ब्रॅकेट २० रुपये तोट्यात दिसतो. तो बंद करावा का?

स्पष्टवक्ता: अवश्य करावा. ज्या नगातून भाडे आणि पगारही निघत नाहीत, तो कशासाठी करायचा? शिवाय ६०० आणि १२० यांची तुलना तरी होते का?

कॉस्टिंगवाला: तुलना नगांची नव्हे, तासांची करावी लागते. एका नगाला मशीनवर किती मिनिटे लागतात?

धागाकर्ता: ब्रॅकेटला १० आणि हाउसिंगला ७५.

कॉस्टिंगवाला: म्हणजे ब्रॅकेट तासाला ७२० रुपये देतो आणि हाउसिंग ४८०. ब्रॅकेट बंद केल्याने भाडे किंवा ऑपरेटरचा पगार एका रुपयानेही घटणार नाही. ते १४० रुपये उरलेल्या हाउसिंगच्या माथी पडतील, आणि मग पुढच्या महिन्यात हाउसिंगचा नफा आटलेला दिसेल. तास अपुरे असतील, तर कापायचे ते हाउसिंग.

प्लास्टिकवाले: आमच्या मोल्डिंगमध्ये हाच हिशेब केला होता, पण आमची खरी अडचण मशीनची नसून रात्रपाळीला माणसे न मिळण्याची निघाली. तेव्हा मशीनच्या तासाऐवजी माणसाच्या तासावर मांडणी केली आणि क्रम उलटला.

शॉपफ्लोअर: ७२० हा आकडा मला मान्य नाही, कारण त्यात सेटअप धरलेला नाही. फिक्स्चर बदलून पहिला नग तपासून मिळेपर्यंत आमच्याकडे दीड तास जातो. पन्नासच्या लॉटला ५०० मिनिटे कटिंग आणि ९० मिनिटे सेटअप धरले, तर ब्रॅकेटचे तासाला सुमारे ६१० उरतात. ग्राहक पंधरा-पंधराच नग मागवत असेल, तर प्रत्येक लॉटला चार तास जाऊन १८०० रुपये मिळतात, म्हणजे तासाला ४५०. हाउसिंगचा लॉट चाळीसचा आणि सेटअप दोन तासांचा धरला, तरी तो ४६० च्या आसपास टिकतो.

कॉस्टिंगवाला: हे बरोबर आहे, मी सेटअप गृहीत धरायला हवा होता. धागाकर्त्यांनी लॉग पाहून लॉटचा खरा आकार सांगावा.

धागाकर्ता: बहुतेक लॉट वीस ते तीसचे आहेत. शिवाय दोन्ही नग एकाच ग्राहकाचे आहेत.

स्पष्टवक्ता: मग हाउसिंग नाकारले की ब्रॅकेटही जाईल, हे कुठल्या रकान्यात मांडणार?

कॉस्टिंगवाला: नाकारू नका, जादा हाउसिंग बाहेर करून घ्या. जॉबवर्कला नगामागे ३५० रुपये गेले, तरी स्वतःचा एकही मशीन-तास न खर्चता २५० रुपये उरतात.

शॉपफ्लोअर: वाहनउद्योगातला ग्राहक असेल, तर कामाची जागा बदलण्याआधी त्याची मंजुरी लागते. ती येईपर्यंत ते १०० तास कुठून आणणार?