राजीनामा आणि शेअर्स एकाच पत्रात लिहावेत का?

अंधेरीकर: आमची प्रायव्हेट लिमिटेड, आम्ही दोघंच डायरेक्टर. माझ्या नावावर ४,८०० शेअर्स आहेत. चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे शेअर्स टप्प्याटप्प्याने पक्के माझे होतात, पहिल्या वर्षानंतर दरमहा. २६ महिने झाले, आता बाहेर पडतोय. शेअर्स, कंपनीचं सामान, गुंतवणूकदारांना कळवणं, सगळं एकाच पत्रात लिहू का?

माटुंगा_कट्टा: एकच पत्र दे. व्हेस्ट न झालेले शेअर्स आपोआप रद्द होतात, तेवढी एक ओळ टाक.

सीएस_ठाणे: आपोआप काही होत नाही. कर्मचाऱ्यांच्या ऑप्शन्सचं तसं होतं, पण याचे शेअर्स आधीच याच्या नावावर आहेत. ते रद्द करायचे तर भांडवल कमी करावं लागतं आणि प्रकरण एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात जातं. म्हणून करारात बहुधा उरलेले शेअर्स दुसऱ्या संस्थापकाने दर्शनी किमतीला घ्यायचे असं असतं. महिन्याला १०० धरले तर २,६०० तुझे, २,२०० परत. दर्शनी किंमत १० रुपये असेल तर २२,००० रुपये. पण खरी किंमत बरीच जास्त असेल, तर फरकावर घेणाऱ्याला कर लागू शकतो. तो आधी सीएला विचारू दे.

पत्रं मात्र दोन कर. डायरेक्टरपदाचा राजीनामा डीआयआर-१२ फॉर्मबरोबर एमसीएकडे, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडे जातो आणि फी भरून तो कोणीही पाहू शकतो. त्यात पदाचा राजीनामा आणि तारीख एवढंच. शेअर्सचा हिशोब वेगळ्या करारात.

पवई_डेव्ह: इथे मी सहमत नाही. राजीनामा हातात पडला की समोरचा शेअर्सचं पुढे ढकलत राहतो. माझं तसंच झालं, आठ महिने फेऱ्या मारल्या.

सीएस_ठाणे: मग शेअर्सचा करार आधी सही करून घे, राजीनामा त्याच दिवशी दे. व्हेस्टिंग नेमकं कुठे थांबतं तेही करारात बघ: नोटीस दिली तेव्हा, की शेवटच्या कामाच्या दिवशी? दोन महिन्यांची नोटीस असेल तर २०० शेअर्सचा फरक पडतो.

लालबाग_७: आमची भागीदारी होती. मी बाहेर पडलो, तरी ओव्हरड्राफ्टसाठी बँक अजून मलाच फोन करते.

सीएस_ठाणे: भागीदारीचा कायदा वेगळा, पण मुद्दा इथेही लागू आहे. वैयक्तिक हमी राजीनाम्याने सुटत नाही. बँकेकडून लेखी सुटका घ्यावीच लागते.

पवई_डेव्ह: सामानात लॅपटॉप कोणीही लिहितो. डोमेन कोणाच्या नावावर आहे, जीएसटीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, ते लिही. आणि तुझी डिजिटल सहीची टोकन अकाउंटंटकडे असेल तर परत घे, ती तुझी आहे.

अंधेरीकर: टोकन त्याच्याकडेच आहे! गुंतवणूकदारांना मीच मेल करू?

माटुंगा_कट्टा: तूच कर, बाहेरून कळलं तर वाईट दिसतं.

सीएस_ठाणे: मुख्य गुंतवणूकदाराला आधी दोघांनी मिळून फोन करा, मग दोघांच्या सहीचा एक मेल. मात्र त्यांची लेखी संमती लागते का, ते करार वाचल्याशिवाय मी सांगणार नाही.

पवई_डेव्ह: दुसरा सही करायला तयार नसेल तर?