टँकरच्या जागी बर्फ

"एकांकिकेतला टँकरचा प्रसंग न्यू जर्सीतल्या पोरांना कळत नाही. काढून टाकू का?"

काढू नका, बदला. टँकर येताच भांडण अर्धवट सोडून शेजारीण दुसरीची घागर रांगेत लावते, खरा प्रसंग तो आहे. लातूरकरांना हे सांगावं लागत नाही. न्यू जर्सीत बर्फ हटवणारी गाडी रस्ता साफ करते अन् ढीग नेमका घराच्या वाटेवर लोटून जाते. आम्ही तोच घेतला: "तुझ्या दारातला बर्फ काढलाय बाई, भांडण उद्या करू." मूळ वाक्यात फक्त घागर होती. आधी मी पिझ्झावाला आणला होता. लोक हसले, पण कोणी कोणासाठी राबलंच नाही. वेळ अमावस्येचा शेतातला सण मात्र तसाच ठेवला. आजी फोनवर विचारते, "आंबील पाठवू कशी?" तेवढ्यानं पोरांना कळतं.